घाट उतरताना मोज्यांची परीक्षा

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ऐन पावसाळ्यात होते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि पुन्हा खाली यायचं, एकूण २१ किलोमीटर. चढताना छातीचा कस लागतो, पायांचे हाल होतात ते उतरताना. पाय बुटात पुढे घसरत राहतो, मोजे घामाने आणि पावसाने चिंब झालेले असतात. शेवटी बूट काढावा तर टाचेवर किंवा अंगठ्याच्या कडेला पाण्याने भरलेला टपोरा फोड!

हा फोड नुसतं घासल्याने येतो, असा समज आहे. खरं तर ओली कातडी मोज्याला धरून बसते आणि आतलं हाड पावलागणिक पुढेमागे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं.

इथेच सुती मोजे दगा देतात. उकाड्यात सुती कपडा बरा, हे अंगरख्याला ठीक आहे. बुटात मात्र कापूस पाणी पितो आणि ते सोडता सोडत नाही. पॉलिएस्टर, नायलॉनचे धागे पाणी फारसं पीत नाहीत, त्यामुळे घाम बाहेरच्या बाजूला पसरतो आणि मोजा लवकर वाळतो. मेरिनो लोकर महाग, पण ओली झाली तरी लिबलिबीत होत नाही आणि तिला वासही कमी येतो. दुकानात पाकिटामागे कापूस किती टक्के आहे ते वाचावं. मोज्याची टाच पायाच्या टाचेवर नेमकी बसली पाहिजे. सैल मोज्याला घडी पडते आणि ती घडीच फोड आणते. नवे मोजे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालणं म्हणजे हौसेने दुखणं ओढवून घेणं.

वासाचं मूळही ओलच. घामाला स्वतःचा असा वास नसतो. बंद बुटातले जिवाणू घाम आणि मेलेल्या कातडीवर पोसतात आणि आंबूस वासाची आम्लं तयार करतात. वर अत्तर फवारून काही साधत नाही. बुटातलं पाताव काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट दोन दिवस वाळू द्यावेत. रोज धावणाऱ्याला म्हणूनच बुटांच्या दोन जोड्या लागतात.

चिखल्या मात्र बुरशीच्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, भिजल्यासारखी सुटते, खाजते. पाय धुतल्यावर बेचके कोरडे पुसणं हा निम्मा इलाज. उरलेल्या निम्म्यासाठी क्लोट्रिमाझोलचं मलम साधारण चार आठवडे लावावं लागतं. खाज थांबली म्हणून मध्येच सोडलं की बुरशी परतते. औषधाच्या दुकानात न विचारताच हाती पडणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज दोन दिवसांत शमते, लाली जाते आणि बुरशी आत बिनबोभाट पसरते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे नाव दिसलं, तर ती परत करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना पाय दाखवा. मधुमेह असेल, तर फोडही घरी फोडू नका.