भुवया वळतात, वाढत नाहीत

पार्लरच्या आरशाच्या कडेला हल्ली एक फोटो हमखास दिसतो. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडची भुवई मरगळलेली, उजवीकडची जवळजवळ दुप्पट दाट. फोटो खोटा असतोच असं नाही. पण जरा जवळ जाऊन पाहा. उजवीकडे केस तेवढेच आहेत, फक्त जे खाली आणि बाजूला झोपले होते ते वर उभे राहून पसरलेत. ब्राऊ लॅमिनेशनचं काम इथे सुरू होतं आणि इथेच संपतं. बाकी जे काही ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं गैरसमजात मोडतं.

“वरून एक थर बसवतात, केमिकल काही नसतं”

थर वगैरे काही बसत नाही. हे भुवयांचं पर्मिंग आहे. डोक्याच्या केसांना कुरळं किंवा सरळ करताना जे रसायनशास्त्र चालतं, तेच इथे डोळ्यापासून बोटभर अंतरावर चालतं.

आधी भुवया तेल-मेकअप काढून कोरड्या करतात. मग गमसारखा पदार्थ लावून केस छोट्या ब्रशने हव्या त्या दिशेला, बहुधा वर आणि किंचित कानाकडे, चिकटवतात. त्यावर पहिलं लोशन लागतं. त्यात थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार किंवा सिस्टिअमिन असतं. केसाच्या प्रथिनात गंधकाचे जे जोड असतात, ते हे लोशन सोडवतं. लोशनातही गंधकच असतं, म्हणून खोलीत अंडं नासल्यासारखा वास येतो. जोड सुटले की केस मऊ पडतो आणि जिकडे चिकटवला तिकडे वळतो. मग ते पुसून दुसरं लोशन लावतात, ज्यात बहुतेकदा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते हेच जोड नव्या जागी पुन्हा बांधतं. शेवटी हवा असेल तर रंग, आणि मग तेल किंवा सीरम.

थायोग्लायकोलेटचं लोशन चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ९ च्या आसपास. आपली त्वचा मात्र ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. त्यामुळे केसावर काम करणारं हे लोशन खालच्या कातडीलाही सोडत नाही. सिस्टिअमिनची लोशनं तुलनेने सौम्य असतात, पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे.

“विरळ भुवयांवर हाच उपाय”

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. विरळपणा दोन प्रकारचा असतो. एकीचे केस असतात पुरेसे, पण लांब, राठ आणि खाली वळलेले, त्यामुळे वरच्या बाजूला कातडी दिसते. तिला लॅमिनेशन खरंच शोभतं. दुसरीच्या भुवईत केसच नाहीत. वर्षानुवर्षं बारीक कमान करून घेतल्यामुळे काही मुळं पुन्हा उगवतच नाहीत, किंवा शेपटीचा भाग गळून गेलेला असतो. इथे केस वर उचलले की खालची रिकामी जागा उलट उघडी पडते. टक्कल झाकायला बाजूचे केस वर ओढून घेणाऱ्या काकांसारखाच हा प्रकार, लांबून ठीक आणि जवळून केविलवाणा.

घरच्या घरी तपासायला अवघड नाही. स्वच्छ मस्कारा ब्रशला जरासा ब्राऊ जेल लावा, केस वर विंचरा आणि खिडकीच्या उजेडात बघा. रूप बरं वाटलं तर लॅमिनेशननंतर साधारण तसंच दिसेल. मोकळ्या जागा ठळक झाल्या तर पैसे वाचवा, पेन्सिल पुरेल. केस जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे असतील तर वळायला लांबीच नसते. तीन-चार आठवडे थ्रेडिंग न करता भुवया वाढू द्याव्या लागतात, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

आणखी एक. भुवयांचा बाहेरचा, कानाकडचा भाग आपोआप विरळ होत चालला असेल, तर पार्लरऐवजी डॉक्टरकडे जायचं. थायरॉइड मंदावला की असं होऊ शकतं. चाईसारख्या आजारात भुवयांत गोल चट्टे पडतात. कुष्ठरोगातही भुवया झडतात, आणि आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही. अशा भुवईवर लोशन लावणं म्हणजे रोगाचं लक्षण सजवणं.

“दोन महिने टिकतं, आणि लोशन जास्त वेळ ठेवलं तर आणखी”

नेहमीचा अनुभव चार ते सहा आठवड्यांचा. आठ आठवडे गाठणारेही असतात, पण शेवटचे दोन आठवडे भुवई धड इकडे ना तिकडे अशी असते. याचं कारण लोशनपेक्षा केसातच जास्त आहे. भुवईचा केस डोक्याच्या केसासारखा वर्षानुवर्षं वाढत नाही. तो महिना-दीड महिना वाढतो, मग थांबतो, काही काळ तसाच राहतो आणि गळतो. वळवलेला केस गळला की त्याच्या जागी येणारा नवा केस आपल्या जन्मजात दिशेने येतो. त्याला लॅमिनेशनचा पत्ताच नसतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर उभ्या केसांच्या मधून काही हट्टी केस खाली तोंड करून डोकावू लागतात. हे काम बिघडल्याचं लक्षण नाही, भुवईचा नेहमीचा क्रम आहे. तेल, घाम आणि पालथं झोपण्याची सवय यांनी वळण थोडं लवकर सैल पडतं, एवढंच.

लोशन जास्त वेळ ठेवून आयुष्य वाढत नाही, केस मात्र जळतो. वेळ कंपनीच्या सूचनेप्रमाणे आणि केसाच्या जाडीप्रमाणे ठरते. पातळ केसांना काही मिनिटं पुरतात, राठ केसांना थोडी जास्त. आधी रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस सगळ्यात लवकर मऊ पडतात. आपल्याकडे पुष्कळजणी चेहऱ्याला ब्लीच करताना भुवयांच्या कडेचे केसही ब्लीच करून घेतात. ते सांगितलं नाही, तर ब्युटिशियन राठ केस समजून लोशन ठेवते आणि कडेचे केस जास्त शिजतात.

केस जास्त शिजल्याची खूण अशी: ओला असताना तो रबरासारखा ताणला जातो, वाळल्यावर टोकाला आखडून कुरळा होतो, आणि ब्रश फिरवला की तुकडे पडतात. यावर लगेच दुसरं लॅमिनेशन हा उपाय नाही. जळलेली टोकं कापायची, रोज थोडं तेल लावायचं आणि केस गळून नवे येईपर्यंत वाट बघायची. दोन लॅमिनेशनमध्ये सहा ते आठ आठवडे अंतर ठेवायचं ते याचसाठी.

“जळजळतंय म्हणजे काम करतंय”

एक उदाहरण घेऊ. समजा, शनिवारी लग्न आहे. नवरीची चुलत बहीण गुरुवारी दुपारी पार्लरमध्ये जाते. थ्रेडिंग, त्यावर लगेच लॅमिनेशन, वर गडद तपकिरी रंग, सगळं एका बैठकीत. पहिलं लोशन लागताच भुवयांखाली चरचरतं. “थोडं सहन करा, मग छान बसतं,” असं उत्तर मिळतं. संध्याकाळी कातडी लाल असते आणि शुक्रवारी सकाळी लाली बरीच उतरते. त्याच दिवशी हळद असते. तेल-हळद चेहऱ्यावर चोळली जाते आणि ती धुऊनही टाकली जाते. शनिवारी पहाटे मात्र भुवया खाजायला लागतात, बारीक पुटकुळ्या येतात आणि पापण्या इतक्या सुजतात की डोळे निम्मेच उघडतात.

इथे दोन वेगळे त्रास एकापाठोपाठ आले. गुरुवारची चरचर म्हणजे नुसता दाह. दोऱ्याने केस उपटताना कातडीचा वरचा पापुद्रा निघालेला असतो आणि त्यावर अल्कधर्मी लोशन पडलं तर कुणालाही झोंबेल. असा दाह मिनिटांत-तासांत सुरू होतो आणि लोशन निघालं की साधारण उतरतो. शनिवारची सूज वेगळी, ती अ‍ॅलर्जी. ती एक ते तीन दिवसांनी येते, खाज हे तिचं मुख्य लक्षण, आणि पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ असल्याने सूज तिथे जास्त दिसते. संशय आधी रंगावर घ्यायचा. गडद रंगांत पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, असू शकतं. जत्रेत काढलेली झटपट काळी मेंदी कधी हातावर फोडांसारखी उठली असेल, तर ती बहुधा याच द्रव्याची ओळख असते, आणि शरीर ती ओळख विसरत नाही.

म्हणून “मागच्या वेळी काही झालं नव्हतं” याला अर्थ नाही. अ‍ॅलर्जी बऱ्याचदा पहिल्या वापरात तयार होते आणि पुढच्या वापरात दिसते.

सौम्य झिणझिण्या चालतात. खरी जळजळ झाली तर घड्याळाकडे बघायचं नाही, लोशन लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं सलग पाणी सोडायचं आणि नेत्रतज्ज्ञ गाठायचा. पुटकुळ्या किंवा सूज आली तर औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नये. पापण्यांभोवती ती फार काळ वापरली तर डोळ्यातला दाब वाढणं आणि मोतीबिंदू, असे त्रास होऊ शकतात.

“पॅच टेस्ट म्हणजे पार्लरवाल्यांचं नाटक”

उलट, जे पार्लर ती टाळतं त्याच्यापासून सावध राहावं. भारतातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनी पीपीडी असलेल्या हेअर डायच्या पाकिटावर एक इशारा सक्तीचा केला आहे: आधी चाचणी करा, आणि भुवया-पापण्या रंगवायला हा डाय वापरू नका, अंधत्व येऊ शकतं. डोक्याचा डाय भुवईवर लावणाऱ्या पार्लरमध्ये हा इशारा पाकिटावरच छापलेला असतो, कुणी वाचत नाही एवढंच. अमेरिकेतही एफडीएने भुवया आणि पापण्या कायम रंगवण्यासाठी अनेक वर्षं एकाही रंगाला मान्यता दिलेली नव्हती. १९३० च्या दशकात तिथे ‘लॅश ल्यूर’ नावाच्या रंगाने बायकांचे डोळे गेले, आणि १९३८ च्या कडक कायद्यामागच्या कारणांत ते प्रकरणही होतं.

चाचणी साधी असते. लोशन आणि रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावायचे, सांगितलेल्या वेळेनंतर पुसायचे आणि ४८ तास जागा पाहायची. भुवयांजवळ इसब असेल, कातडी सोललेली असेल, किंवा रेटिनॉल, ट्रेटिनॉइनसारखी क्रीमं कपाळावर चालू असतील, तर चाचणी ठीक आली तरी थांबावं. क्रीमं किमान आठवडाभर आधी बंद करायची. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचातज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

वरच्या उदाहरणातल्या मुलीने दिनदर्शिका अशी लावायला हवी होती: चाचणी लग्नाच्या दोन आठवडे आधी, थ्रेडिंग लॅमिनेशनच्या दोन-तीन दिवस आधी, लॅमिनेशन लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी आणि तेही रंगाशिवाय. उरलेसुरले चुकार केस नंतर चिमट्याने काढता येतात. पहिले चोवीस तास भुवया कोरड्या ठेवायच्या, वाफ, तेल आणि फेस-मसाज टाळायचा. तेव्हा हळदीच्या दिवशी कुणीही चेहऱ्यावर कितीही हळद चोळली असती, तरी तिला “भुवया वाचवा गं” म्हणून ओरडावं लागलं नसतं.