जिन्याच्या दाराला लावलेली वीट

आमची इमारत चौदा मजल्यांची. जुलै महिन्यातल्या एका रविवारी एजन्सीच्या तंत्रज्ञाबरोबर मी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत जिन्याने उतरलो. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. कमिटीत असूनही तो कागद मी आजवर फक्त फाईलला लावला होता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जिन्याच्या दारांपाशी. प्रत्येक मजल्यावर लॉबी आणि जिना यांच्यामध्ये एक जड दार असतं. ते आपोआप बंद व्हावं म्हणून वर क्लोजर बसवलेला असतो. चौदापैकी पाच दारं सताड उघडी होती. कुठे वीट, कुठे तुळशीची रिकामी कुंडी, कुठे दोरी. कारण साधं होतं: दार सारखं आपटतं आणि वारा येत नाही.

पण हे दार धुरासाठी आहे. गरम धूर वरच जातो आणि वाट मिळाली की जिन्याचं धुराडं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे आग लागली ती खाली पार्किंगमध्ये, तिथे साठवलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगाजवळ. धूर मात्र वरच्या घरांपर्यंत पोहोचला आणि माणसं दगावली. त्या बातमीनंतर मला आमच्या पार्किंगमधल्या जुन्या गाद्या आणि खोकी दिसायला लागली. ती त्याच आठवड्यात हलवली.

दार तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. पूर्ण उघडायचं आणि सोडून द्यायचं. ते स्वतःहून फिरून खिट्टीत बसलं तर ठीक; बोटभर फट राहिली तर क्लोजर घट्ट करायचा किंवा बदलायचा. आमच्याकडे तीन बदलावे लागले.

सिलिंडरचं म्हणाल तर सगळ्यांच्या काट्यांची टोकं हिरव्या पट्ट्यात होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तंत्रज्ञाने एक उलटा धरून हलवला. आतली पावडर सरकल्याचं जाणवलंच नाही. ती तळाशी घट्ट बसली होती. काटा दाब दाखवतो, पावडरीची अवस्था नाही. कार्बन डायऑक्साईडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो. तो वजन करूनच तपासावा लागतो. घरी ठेवायच्या लहान सिलिंडरची पावडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. म्हणून तो कचऱ्याच्या डब्याच्या किंवा गादीच्या कोपऱ्याला लागलेल्या आगीसाठी. पिन काढायची, ज्वाळेच्या टोकावर नव्हे तर बुडाशी मारायचं आणि पाठ दाराकडे ठेवायची. पडदा पेटून छताला लागला असेल तर सिलिंडर सोडून बाहेर पडायचं.

मला खरा धक्का बसला तो पंपरूममध्ये. पाइपात पाणी होतं, पण पॅनेलवरचा स्विच ‘मॅन्युअल’वर होता. रात्री पंप उगाच चालू होतो म्हणून कुणीतरी तो फिरवला होता. तो ‘ऑटो’वर आणून आम्ही चौदाव्या मजल्यावरचा होज रील उघडला. दाब उतरला की पंपाने स्वतःहून चालू व्हायला हवं. तो झाला, पण पंप उगाच का चालायचा तेही कळलं: अकराव्या मजल्यावरचा हायड्रंट व्हॉल्व्ह गळत होता. दोन मजल्यांवरच्या पेट्यांमधले पितळी नोझल गायब होते. हे चोरीला जातात, म्हणून पेटी बाहेरून बघून चालत नाही, उघडावी लागते.

पुढच्या रविवारी सराव ठेवला. अकरा वाजता घंटा वाजवली. वरच्या मजल्यांवर एसी लावून बसलेल्यांना ती ऐकूच गेली नाही. खाली आलेल्यांपैकी सहा जण लिफ्टने आले. आणि जवळजवळ सगळ्यांनी घराचं दार उघडं टाकलं होतं. पेटलेल्या घरातून निघताना दार ओढून घेतलं नाही तर धूर थेट लॉबीत येतो आणि मग जिन्याचं दार चांगलं असूनही शेजाऱ्यांची वाट बंद होते. जिन्यातच धूर भरलेला दिसला तर त्यात उतरू नये. घरात परतून दार लावावं, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबावेत, 101 ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगावा आणि रस्त्याकडच्या खिडकीत दिसेल असं उभं राहावं.

सरावाच्या वेळी अकराव्या मजल्यावरच्या आजी आठव्या मजल्यावरच्या रेफ्यूज एरियापर्यंत उतरल्या आणि तिथेच बसल्या. पुढे त्यांना उतरवत नव्हतं. तिथे बसणं योग्यच होतं, पण त्या तिथे आहेत हे खाली कुणालाच माहीत नव्हतं. आता वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली एक यादी आहे: कोणत्या फ्लॅटमध्ये कोणाला जिना उतरता येत नाही, ऑक्सिजन कुणाकडे आहे, दुपारी घरात एकटं कोण असतं. अग्निशमन दलाची गाडी आली की अधिकाऱ्यांच्या हातात पहिल्यांदा तो कागद आणि गच्चीची किल्ली द्यायची, असं वॉचमनकाकांना सांगून ठेवलं आहे.