अकरा हप्ते भरले, पुढे काय?

सराफाचा मेसेज येतो: ‘सातवा हप्ता ५,००० रुपये. भरा, बोनस मिळवा.’ मुदतीनंतर हातात काय पडणार, याबद्दल अवाक्षर नाही. मग दुकानात वाद ठरलेलाच. त्याऐवजी असं लिहावं:

‘सातवा हप्ता ५,००० रुपये, १० तारखेपर्यंत. अकरा हप्त्यांचे ५५,००० होतील. सगळे वेळेवर भरल्यास आमचे ५,००० मिळवून ६०,००० रुपयांचे दागिने घेता येतील. भाव खरेदीच्या दिवसाचा. घडणावळ आणि जीएसटी याच रकमेतून. रोख मिळणार नाही.’

यातलं भावाचं वाक्य कधीच गाळू नये. वर्षभरात सोनं महागलं, तर त्याच ६०,००० रुपयांत वजन कमी बसतं. काही योजनांत मात्र दर हप्त्याला त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम जमा होतात. तिथे आजवर जमलेलं वजनच मेसेजमध्ये द्यावं.