दोन कोटेशनं, एकच गाळा

भोसरी एमआयडीसीतला एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. अकाउंट्समध्ये नुकतीच लागलेली एक मुलगी आहे. तिच्याकडे एक रटाळ काम आलंय: सगळ्या पुरवठादारांकडून उद्यम प्रमाणपत्रं मागवायची. लघुउद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो. त्यामुळे कोण लघुउद्योग आहे आणि कोण नाही, याची यादी हवी होती.

पत्ते उतरवताना पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्या दोन कंपन्यांपाशी ती थांबली. एकीचा पत्ता ‘गाळा क्र. १४, तळमजला’, दुसरीचा ‘जी-१४’. पुढे इमारतीचं नाव तेच, पिनकोडही तोच. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरला हे कधीच दिसलं नसतं, कारण ते अक्षराला अक्षर जुळवतं. दोन्ही कंपन्या कायद्याने वेगळ्या, म्हणून पॅन आणि जीएसटी नंबरही वेगळे होते. पिनकोडनुसार यादी लावून डोळ्यांनी वाचली तरच असं काही सापडतं.

मग तिने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, संकेतस्थळावर दोन्ही कंपन्यांची माहिती उघडली. तिथे नोंदणीची तारीख, नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावं मिळतात. प्रत्येक संचालकाला आयुष्यभरासाठी एकच आठ आकडी क्रमांक असतो. नावासारखं नाव असू शकतं, पण हा क्रमांक दोघांचा सारखा नसतो. दोन्ही कंपन्यांत एक क्रमांक सामाईक निघाला.

एवढ्यावर घोटाळा सिद्ध होत नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. कायद्याने एक माणूस वीस कंपन्यांचा संचालक असू शकतो. कित्येक लहान कंपन्या आपल्या सीएच्या ऑफिसचाच पत्ता देतात, त्यामुळे एका दारावर दहा पाट्या दिसू शकतात. खरा प्रश्न वेगळा आहे: या दोन कंपन्या एकाच कामासाठी एकमेकींविरुद्ध दर देत होत्या का?

त्याचं उत्तर खरेदी विभागाच्या फायलीत होतं. दर तिमाहीला तीन कोटेशनं मागवून तुलनात्मक तक्ता करायचा, असा कारखान्याचा नियम. तक्त्यात पहिलीचा दर खोक्यामागे १८.४०, दुसरीचा १९.१०, तिसऱ्या बाहेरच्या पुरवठादाराचा २१ रुपये. पुढच्या तिमाहीत पहिल्या दोघींनी जागा बदललेल्या आणि तिसरा पुन्हा वरच. नियम कागदावर तंतोतंत पाळलेला होता, पण त्यात स्पर्धा नव्हती. दोन्ही कोटेशनांत ‘डिलिव्हरी’चं स्पेलिंग सारखंच चुकलेलं होतं. गेटच्या रजिस्टरमध्ये दोघींचा माल एकाच नंबरच्या टेम्पोतून आलेला होता. दुसऱ्या कंपनीची नोंदणी तर तिच्या पहिल्या कोटेशनच्या जेमतेम दोन महिने आधीची.

या मुलीचं मला सगळ्यात पटलेलं वागणं इथून पुढचं आहे. ती खरेदी अधिकाऱ्याला विचारायला गेली नाही, पुरवठादारालाही फोन केला नाही. अशा वेळी एक साधा प्रश्नही समोरच्याला सावध करतो आणि कागद गायब होऊ लागतात. तिने संकेतस्थळावरची पानं तारखेसह जपून ठेवली, तक्त्यांच्या प्रती काढल्या आणि एका पानाची टिपण लिहिली. त्यात फक्त दिसलेल्या गोष्टी होत्या. ‘घोटाळा’ हा शब्द नव्हता आणि कुणावर आरोपही नव्हता. टिपण तिने थेट वित्तप्रमुखांना दिली, कारण पुरवठादाराचं खातं उघडण्याच्या अर्जावर खरेदी अधिकाऱ्याचीच सही होती.

वित्तप्रमुखांनी त्याच मापाच्या आणि त्याच जाडीच्या खोक्यासाठी दोन नवीन ठिकाणांहून दर मागवले. त्यातला कमी दर १५.८० रुपये आला. महिन्याला वीस हजार खोके धरले, तर १८.४०च्या दराशी तुलना करता फरक ५२ हजारांचा होतो, वर्षाला सव्वासहा लाखांच्या घरात. लहान कारखान्यात एवढ्यात एका कामगाराचा वर्षाचा पगार सहज निघतो. या पैशांची चोरी कुठल्याच बिलात दिसत नाही, कारण माल खरा असतो, बिल खरं असतं, जीएसटीही भरलेला असतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. त्या माणसाने दुसऱ्या कंपनीत स्वतःऐवजी मेहुण्याला संचालक केलं असतं, तर एमसीएवर काहीच दिसलं नसतं. तेव्हा मोबाइल नंबर, ईमेल आणि बँक खाती ताडून पाहावी लागतात. मालकीहक्काचा धंदा असेल तर एमसीएवर त्याची नोंदच नसते. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचं कायदेशीर नाव बघावं लागतं.

पुरवठादाराला बोलावल्यावर त्याने दोन्ही कंपन्या आपल्याच असल्याचं लगेच कबूल केलं. खरेदी अधिकाऱ्याला यातलं ठाऊक होतं का, हे मात्र कागदांवरून ठरलं नाही. कारखान्याने खोक्यांचं काम नवीन पुरवठादाराला दिलं आणि पुरवठादाराचं खातं उघडण्याचा अधिकार खरेदी विभागाकडून काढून अकाउंट्सकडे दिला. आता अर्जाबरोबर संचालकांची यादी आणि ‘याच मालाचा दर देणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेशी माझा संबंध नाही’ असं सही केलेलं निवेदन घेतात.