बंद घर उघडल्यावर

मुलाकडे परदेशात सात महिने काढून आम्ही पुण्यात घरी परतलो, तेव्हा ईद आठ दिवसांवर आली होती. बॅगांमध्ये कपड्यांचा ढीग आणि पाहुण्यांची यादी तयार. बायको म्हणाली, "अहो, मशीन लावा ना आधी." मी म्हटलं, "आधी नाही, उद्या." कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका परतीच्या दिवशी मी घाईने वॉशिंग मशीन लावलं होतं. कपडे धुतले गेले, पण पाणी काही बाहेर जाईना. खालून नुसता 'गुंऽऽ' असा आवाज येत राहिला. मी दोन-तीनदा पुन्हा पुन्हा बटण दाबलं आणि शेवटी पाणी बाहेर टाकणारा पंप जळाला. मेकॅनिकने तो काढून माझ्या हातात ठेवला. "साहेब, हा आधी हाताने फिरवून बघितला असता तर वाचला असता."

त्याने सांगितलं ते असं. समोरून दार असलेल्या मशीनमधलं सगळं पाणी कधीच बाहेर जात नाही. पंपाच्या खोलगट जागेत थोडं उरतंच. रोजच्या वापरात त्याचं काही वाटत नाही. पण महिनोन्महिने मशीन बंद राहिलं की ते पाणी सुकतं आणि त्यातले क्षार, साबणाचा चिकटा, कपड्यांचा कचरा पंपाच्या पात्यांभोवती जमून घट्ट बसतो. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, मग विचारूच नका! वीज मिळाली की मोटार फिरू पाहते, पातं हलत नाही आणि मोटार तापत जाते.

म्हणून या वेळी पहिला दिवस मशीनला हात लावण्याआधीच्या कामांत गेला. प्लग काढला. मागे टॉर्च मारून वायर आणि नळ्या पाहिल्या, कारण बंद घरात उंदीर रबर कुरतडतात. मोरीच्या जाळीत दोन तांबे पाणी ओतलं. जाळीखालच्या वाकड्या नळीत नेहमी पाणी साचलेलं असतं. ते सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात येतात. नळाला जोडलेली नळी काढून दोन बादल्या पाणी सोडलं. पहिली बादली तांबूस निघाली. हा गाळ मशीनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकला असता. ती जाळीही काढून ब्रशने धुतली.

मग मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं. खाली पसरट ताट ठेवून आतलं गोल बूच हळूहळू फिरवलं. उरलेलं पाणी काळपट आणि कुजकट निघालं. आत बोट घालून पातं फिरवलं तर ते हललंच नाही. कोमट पाणी घालून तासभर ठेवलं, मग ते सुटलं. सुटलेलं पातं गुळगुळीत फिरत नाही, अडखळत अडखळत फिरतं. मोटारीत चुंबक असल्यामुळे असं होतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, हे माहीत असलेलं बरं.

डिशवॉशरचं दुखणं थोडं वेगळं असतं. तळाशी नेहमी उरणारं थोडं पाणी पंपाच्या रबरी सीलला ओलं ठेवतं. ते पाणी उडून गेलं की सील सुकून चिकटतं किंवा आक्रसतं. म्हणून गाळणी काढून धुतली, तळात लिटरभर कोमट पाणी ओतलं आणि अर्धा तास थांबलो. फवाऱ्याच्या पंख्यांची भोकं काडीने मोकळी केली. मिठाच्या टाकीत खडा बसला होता. तो पाण्याने भिजवला, नवं मीठ भरलं आणि सांडलेलं लगेच पुसलं. खारट पाणी स्टीलवर बसून राहिलं तर गंज चढतो. डब्यातली जुनी पावडर गोळे झाली होती, ती टाकून दिली. गोळे विरघळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रं एकेक करून रिकामी चालवली, गरम पाण्यावर. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. कागद ओला झाला की गळती कुठे आहे ते कळतं. वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबराखालून दोन थेंब आले. रबर पुसल्यावर ते थांबले. डिशवॉशर मात्र पाणी तापवायला लागताच घरातला सुरक्षा स्विच पडला. बंद पडलेल्या हीटरमध्ये ओल शिरली की असं होतं. पुन्हा पुन्हा स्विच वर करायचा नाही, आणि तो काढून टाकून काम भागवायचं तर अजिबात नाही. मी प्लग काढला आणि मेकॅनिकला फोन केला. त्याने मीटर लावून पाहिलं आणि हीटर बदलला.

ईदच्या आदल्या रात्री बिर्याणीची पातेली मात्र बायकोने हातानेच घासली. ती त्या यंत्रात मावतच नाहीत.