वेदनेच्या वाटेवर (भाग ६) : रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतंय

रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगू लागला, की बहुतेकांना दंड आवळल्यासारखा वाटतो. काही जणांना मात्र चक्क कळ येते. ‘सैल करा, दुखतंय’ असं ते म्हणतात. घाईत असलेला डॉक्टर तिकडे दुर्लक्ष करतो. वेदनांच्या आजारांत मुरलेला डॉक्टर हात थांबवून विचारतो, ‘आणखी कुठे कुठे दुखतं?’

अशा अनेक रुग्णांच्या कहाण्या एकत्र करून एक चित्र डोळ्यांसमोर आणू या. बेचाळीस वर्षांची, शिवणकाम करणारी एक बाई. चार वर्षांपूर्वी मान आणि उजवा खांदा धरला. तो पुरता सुटला नाहीच. वर्षभरात दुखणं पाठीत, मग कमरेत, मांड्यांत, पोटऱ्यांत उतरलं. रात्री सात तास अंथरुणात पडूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखं. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, आरए फॅक्टर, बी-१२ सगळं करून झालं. सगळं नॉर्मल. एमआरआयमध्ये तेवढी ‘डिस्कची थोडी झीज’ निघाली आणि घरच्यांना हायसं वाटलं, की कारण सापडलं एकदाचं.

पण ते कारण नव्हतं. कसलंही दुखणं नसलेल्या माणसांच्या मणक्यांची चित्रं तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार चाळिशीतल्या 68 टक्के ठणठणीत माणसांच्या डिस्कमध्येही झीज दिसते. शिवाय मानेपासून पोटरीपर्यंतचं दुखणं कमरेच्या एका डिस्कच्या माथी मारता येत नाही.

मग दुखतंय कुठे? या प्रश्नाचं उत्तर बदलायला लागलं ते 1983 साली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्लिफर्ड वुल्फ हे तरुण संशोधक उंदरांच्या मागच्या पायावर काम करत होते. पायाला टोचलं की पाय झटकन आखडतो. ही क्रिया मज्जारज्जूतूनच घडते. वुल्फ यांनी पंजाला चटका दिला. त्यानंतर पूर्वी ज्या हलक्या स्पर्शाने काही होत नसे, त्यानेही पाय आखडू लागला. तोवरची समजूत अशी, की जखमेजवळच्या मज्जातंतूंची टोकंच हुळहुळी होतात. ती खरी असती, तर जखमेची जागा बधिर केल्यावर सगळं पूर्ववत व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. बदल पायात उरला नव्हता, तो मज्जारज्जूत जाऊन बसला होता. ‘सेंट्रल सेन्सिटायझेशन’ हे आज रूढ असलेलं नाव याच बदलाचं.

मज्जारज्जूत घडतं ते असं. शरीरातून आलेला वेदनेचा तंतू तिथे पुढच्या पेशीला ग्लुटामेट या रसायनाच्या हाती निरोप देतो. त्या पेशीवर एनएमडीए नावाचं एक दार असतं आणि एरवी ते मॅग्नेशियमच्या कणाने बुजलेलं असतं. निरोप एकामागून एक, जोराने येत राहिले, की हे बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी उत्तेजित अवस्थेत राहते. आता तिला जाग यायला थोडंसं कारणही पुरतं. साध्या स्पर्शाचे तंतूसुद्धा तिला चेतवू शकतात. ब्लाउजची घट्ट बाही, कुणी मायेने पाठीवर ठेवलेला हात, सीट बेल्ट... हे सगळं दुखू लागतं ते यामुळे. उलट दिशेनेही एक यंत्रणा चालते. मेंदूच्या बुंध्याकडून मज्जारज्जूकडे येणारे तंतू नॉरॲड्रेनॅलिन आणि सिरोटोनिनच्या साहाय्याने वेदनेचे निरोप दाबून धरतात. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दुखण्याच्या आजारात हा लगाम अनेकदा सैल पडलेला आढळतो.

ही नुसती उंदरांची गोष्ट नाही. 2002 साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि सहकाऱ्यांनी फायब्रोमायल्जियाचे 16 रुग्ण आणि 16 निरोगी माणसं घेतली. प्रत्येकाच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं एफएमआरआय केलं. जेवढी वेदना रुग्णांना साधारण 2.4 किलोच्या दाबाला होत होती, तेवढी व्हायला निरोगी माणसांना सुमारे 4.2 किलोचा दाब लागला. वेदना सारखी होती, तेव्हा दोन्ही गटांच्या मेंदूतले बरेचसे तेच भाग जागे झाले होते. पण दोघांना तोच हलका दाब दिला, तेव्हा रुग्णांच्या मेंदूत कितीतरी जास्त हालचाल दिसली. ‘हिला कौतुकच फार’ म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला ही चित्रं दाखवावीत, इतकी ती स्पष्ट आहेत.

झोपेचा धागा तर त्याहून जुना. टोरांटोत हार्वे मोल्डोफ्स्की यांनी 1975 च्या सुमारास निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप रात्रीमागून रात्री आवाज करून मोडली. काही दिवसांत त्यांचे स्नायू दुखू आणि दाबल्यावर दुखरे वाटू लागले.

दुखण्याचं मूळ असं मज्जारज्जूत आणि मेंदूत असल्यामुळेच आपल्या शिवणकामवाल्या बाईला डायक्लोफिनॅकने फारसा आराम पडला नव्हता. ती गोळी सूज उतरवते आणि इथे सूज नाहीच. ड्युलॉक्सेटिन वर सांगितलेला लगाम आवळायला मदत करतं, प्रिगॅबालिन मज्जातंतूंच्या टोकांकडून रसायनं सुटणं कमी करतं. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरचंही औषध. चिठ्ठीवर ते नाव पाहून ‘म्हणजे मला वेडी ठरवलं का?’ हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टरांनी तो विचारला जायच्या आधीच दोन मिनिटं काढून उत्तर द्यायला हवं. या औषधांनी प्रत्येकाला गुण येत नाही, आणि येतो तोही बहुधा अर्धामुर्धा.

सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. पण तो चुकीच्या मापाने केला, तर उलटतो. बरं वाटलं त्या दिवशी ती बाई चार ब्लाउज शिवून टाकते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळते. हे चक्र तोडण्यासाठी सुरुवात घड्याळ लावून होते. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढणार नाही इतकंच चालायचं, समजा सात मिनिटं. बरं वाटलं तरी सातच, वाईट वाटलं तरी शक्यतो सात. आठवड्याने आठ. शिलाईचंही तसंच, वीस मिनिटांनी यंत्रावरून उठायचं. सुरुवातीला थोडं दुखेल. पण त्या दुखण्याचा अर्थ स्नायू फाटतोय असा नाही, हे तिला आधी कळलेलं असावं लागतं. नाहीतर भीतीने पाऊल उचलत नाही. बदल आठवड्यांत नव्हे, महिन्यांत दिसतो.

फायब्रोमायल्जियाच्या निदानाचा एक धोकाही आहे. सेन्सिटायझेशन दाखवणारी रक्ततपासणी नाही. निदान होतं ते तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, शरीराच्या बहुतेक भागांत पसरलेलं दुखणं, झोप आणि थकवा यांच्या नोंदींवरून. त्यामुळे हे लेबल घाईने चिकटवलं जाऊ शकतं. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकतो आणि सांधे सुजलेले दिसतात, वजन उतरतंय, ताप येतोय, हातापायातली शक्ती जातेय, असं असेल, तर तपास पुन्हा सुरू करायला हवा. आमवाताच्या रुग्णालाही फायब्रोमायल्जिया होऊ शकतो. तेव्हा सांध्याची सूज औषधाने आटोक्यात आली तरी अंग ठणकतच राहतं, आणि सुजेचंच औषध आणखी वाढवलं, तर चूक होते.

(पुढच्या आठवड्यात : हीच यंत्रणा आतड्यांत, आणि तपासण्यांत न सापडणारी पोटदुखी)