स्नेहसंमेलनाचं निमंत्रण : पाच कार्डांत

वार्षिक स्नेहसंमेलनाची छापील पत्रिका बऱ्याच शाळांमध्ये आता प्रमुख पाहुणे आणि संस्थाचालकांपुरतीच उरली आहे. पालकांना निमंत्रण जातं ते मोबाइलवर, बोटाने सरकवत पाहायच्या चार-पाच कार्डांच्या कॅरोसेलच्या रूपात. ही कार्डं सहसा सजावटीपासून सुरू होतात, आणि तिथेच बिनसतं. पालकाला हव्या असतात तीन-चार गोष्टी : मुलाला किती वाजता आणायचं, त्याचा नाच कधी आहे, आपण कुठे बसायचं आणि मुलाला परत कुठून घ्यायचं. त्यांची उत्तरं आधी कागदावर हिशेब करूनच मिळतात.

उदाहरणादाखल पहिली ते चौथीची एक शाळा घेऊ. आठ तुकड्या, प्रत्येकीत ४० मुलं, म्हणजे एकूण ३२०. सभागृहात खुर्च्या ६००. पुढच्या ४० पाहुणे आणि शिक्षकांसाठी ठेवल्या की ५६० उरतात. प्रत्येक मुलामागे दोन पास दिले तर ६४० माणसं होतात. काही घरांतली दोन मुलं एकाच शाळेत असतात, म्हणून आकडा थोडा खाली येईल. पण आजी-आजोबा येणार, हेही तितकंच खरं. हा प्रश्न ‘वेळेवर येऊन सहकार्य करावे’ या ओळीने सुटत नाही. सकाळी पहिली-दुसरी आणि संध्याकाळी तिसरी-चौथी अशी दोन सत्रं केली, तर एका सत्रात १६० मुलं येतात आणि प्रत्येकाला तीन पास देऊनही ४८० खुर्च्या पुरतात.

आता सकाळच्या सत्राची वेळ. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत, अहवालवाचन, पारितोषिकं आणि पाहुण्यांचं भाषण यांना ४० मिनिटं. त्यानंतर आठ नाच आणि एक नाटुकलं. नाच चार मिनिटांचा असला तरी आधीची मुलं उतरून पुढची रांगेत उभी राहीपर्यंत आणखी दोन मिनिटं जातात, म्हणून हिशेब सहा मिनिटांचा धरायचा. नाटुकल्याला मांडामांडीसह १५. दहाला सुरू झालं तर पहिलीचे चार नाच १०.४० ते ११.०४, मग नाटुकलं ११.१९ पर्यंत, आणि दुसरीचे नाच ११.४३ पर्यंत. कार्डावर मात्र हे मिनिटांचे आकडे जाऊ नयेत. भाषण दहा मिनिटं लांबलं (लांबतंच) की सगळं कोष्टक खोटं पडतं. ‘पहिली : सुमारे १०.४० पासून, दुसरी : सुमारे ११.२० पासून, समाप्ती १२ पर्यंत’ एवढंच छापावं. लहानग्यांना आधी रंगमंचावर आणायचं, कारण मेकअप करून तासभर बसलेलं सहा वर्षांचं मूल पेंगू लागतं.

कार्डांची वाटणी मग आपोआप ठरते. पहिल्यावर शाळेचं नाव, वार, तारीख, वेळ आणि ठिकाण. दुसऱ्यावर कार्यक्रमाचा क्रम, आणि त्यात इयत्ता आधी, गाण्याचं नाव नंतर. पालक आपली तुकडी शोधत असतो. तिसरं कार्ड मुलांचं : ‘सकाळी ९ वाजता पोशाखासह वर्गात सोडावे, नाच झाल्यावर मुले वर्गातच बसतील, ओळखपत्र दाखवून तिथूनच न्यावे.’ हे ठळक लिहिलं नाही, तर नाच संपताच पालक रंगमंचामागे गर्दी करतात. चौथं कार्ड बैठकीचं. विभागांना रंग दिले तरी ‘अ’, ‘ब’, ‘क’ ही अक्षरंही हवीत. सगळ्यांना रंग सारखेच ओळखू येत नाहीत. ज्येष्ठांच्या खुर्च्या कडेला, मधली वाट मोकळी, ट्रायपॉड फक्त शेवटच्या रांगेमागे, हेही इथेच. पाचव्यावर गाड्या लावण्याची जागा आणि प्रवेशद्वार.

व्हॉट्सॲपवर चारपेक्षा जास्त चित्रं एकत्र गेली की ती एका चौकोनात गोळा दिसतात आणि पाचवं कार्ड अधिकच्या आकड्यामागे दडतं. शिवाय पालक नेमकं एकच कार्ड आजोबांना पुढे पाठवतात. म्हणून प्रत्येक कार्डावर ‘५ पैकी ३’ असा क्रमांक, शाळेचं नाव, तारीख आणि सत्र हवंच. कार्ड १०८० पिक्सेल रुंद असेल तर ४० पिक्सेलपेक्षा लहान अक्षर ठेवू नये. फोनवर ते जेमतेम अडीच मिलिमीटरचं दिसतं. ओळींमध्ये अंतर सढळ ठेवावं, नाहीतर वरची उकाराची मात्रा खालच्या वेलांटीला भिडते. वेळ आणि ठिकाण कार्डांखाली साध्या मजकुरातही टाकावं, म्हणजे आठवड्याने ग्रुपमध्ये शोधलं तरी सापडतं.

वेळ बदललीच तर फक्त ते एक कार्ड बदलून चालत नाही, कारण जुनं कार्ड नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये फिरतच राहतं. पाचही कार्डं पुन्हा पाठवावीत, प्रत्येकावर ‘सुधारित’ आणि सुधारणेची तारीख घालून. आणि नेमकं काय बदललं, ते सोबतच्या मजकुराच्या पहिल्याच ओळीत सांगावं.